जुना जर्मन लेथ, टप्पा ३: मोटरची पाटी आणि सर्किट डायग्राम

यंत्र साफ झालं, मोटर मोकळी फिरते. वीज द्यायच्या आधी पाटी वाचून घेतली. तिच्यावर हे आहे:

```
Δ/Y 220/380 V   6,4/3,7 A
1,5 kW   cos φ 0,80
50 Hz   1410 /min
```

जर्मन पाटीवर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, म्हणून 6,4 म्हणजे साडेसहाच्या जवळचा अँपिअर, चौसष्ट नव्हे. अक्षरं झिजली असतील तर हिशोब करून पडताळा: १.७३ × ३८० × ३.७ × ०.८० म्हणजे साधारण १९५० वॅट आत जातात. पाटीवरचे दीड किलोवॅट शाफ्टवर मिळणारे आहेत. १५०० भागिले १९५० म्हणजे ७७ टक्के, जुन्या छोट्या मोटरला शोभेल असं. उत्तर शंभराच्या वर आलं तर एखादा आकडा चुकीचा वाचला आहे.

खरी मेख पहिल्या ओळीत आहे. या मोटरच्या प्रत्येक वाइंडिंगला २२० व्होल्ट हवेत. आपल्या थ्री-फेज ४१५ वर ती स्टारमध्येच जोडायची: W2, U2, V2 एका पट्टीने एकत्र. डेल्टात ठेवली तर वाइंडिंगवर थेट ४१५ येतात, मोटर जोरात घुमते आणि ओव्हरलोड रिले ट्रिप झाला नाही तर जळते. स्टारमध्येही वाइंडिंगवर २४० येतात, म्हणून बिनलोड चालतानाही मोटर थोडी जास्त तापते. रिले ३.७ वरच ठेवा, वाढवू नका.

घरी सिंगल फेज असेल तर २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर हीच मोटर डेल्टात जोडायची: W2-U1, U2-V1, V2-W1. व्हीएफडीत २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६.४ अँपिअर भरायचं. स्टारची पट्टी विसरून तशीच राहिली तर टॉर्क एक तृतीयांशावर येतो आणि पहिल्याच कटला चक थांबतो. दोष मग उगाच व्हीएफडीला लागतो.

डायग्राममध्ये `-K1` हा कॉन्टॅक्टर. शेजारी `/2.5` लिहिलं असेल तर पुढचा भाग पान २, रकाना ५ मध्ये शोधायचा. कॉइलची टोकं A1, A2. ओव्हरलोड `-F2` चा 95-96 कॉइलच्या सर्किटमध्ये येतो. वायर चुकून 97-98 वर गेली तर मोटर सुरूच होत नाही, कारण तो ट्रिप झाल्यावरच जुळतो.

सगळ्यात जास्त हुकतं ते `-T1`, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर. प्रायमरी ३८० च्या टॅपवर असताना ४१५ दिले तर २४ ऐवजी २६.२ व्होल्ट निघतात. कॉइल सहसा दहा टक्के जास्त, म्हणजे २६.४ पर्यंत सोसते. रात्री लाइन ४३० ला गेली की २७ ओलांडतात. ४०० किंवा ४२० चा टॅप असेल तर तिकडे हलवा.

पॅनेलमध्ये नारिंगी वायर दिसली तर मेन स्विच बंद करूनही मीटर लावल्याशिवाय हात घालू नका. युरोपीय यंत्रांत हा रंग मेन स्विच बंद असतानाही जिवंत राहणाऱ्या सर्किटसाठी वापरतात.

पुढचा टप्पा: मेगर लावून वाइंडिंग ते बॉडी तपासणं.