व इतर कलाकार

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मंगळागौरीच्या कार्यक्रमाचे एक छायाचित्र निवडले आणि त्याखाली काय लिहावे, या विचारात आजची दुपार गेली. छायाचित्र देखणे आहे. आठ जणी, सगळ्या नऊवारीत, सगळ्यांच्या नाकात नथ, आणि मधोमध फुगडीची गिरकी रंगलेली. दोघी-तिघींची नावे मला ठाऊक आहेत; ती देऊन पुढे ‘व इतर कलाकार’ असे लिहिले असते, तर कोणी हरकत घेतली नसती. परंतु या ‘व इतर’शी माझे जुने वैर आहे.

शाळेत वर्गाच्या छायाचित्राखाली ‘बसलेले, डावीकडून’, ‘उभे, डावीकडून’ अशा ओळी टंकलेखन करून चिकटवलेल्या असत आणि सर्वांत शेवटी ‘अनुपस्थित’ म्हणून त्या दिवशी न आलेल्यांचीही नावे असत. न आलेल्यांनाही जिथे जागा होती, तिथे आलेल्यांना ‘इतर’ म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून संयोजिकाबाईंना ईमेल लिहायला घेतले. ‘कलाकारांची यादी पाठवावी’ एवढेच कळवले, तर बहुधा निमंत्रणपत्रिकेतली यादी येते. तिचा क्रम गटप्रमुखांपासून सुरू होतो आणि प्रत्यक्षात कोण कुठे उभे होते, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय फुगडीत ‘डावीकडून’ म्हणण्यात अर्थ नसतो, कारण निम्म्या जणी पाठमोऱ्या असतात. तेव्हा छायाचित्राची एक लहान प्रत जोडली, तिच्यावर प्रत्येकीच्या अंबाड्याशेजारी १ ते ८ असे आकडे घातले आणि त्या आकड्यांपुढे, त्या दिवशी प्रत्यक्ष खेळलेल्यांचीच नावे लिहून द्यावीत, अशी विनंती केली. कडेला पेटीवर अर्धवट दिसणाऱ्या बाईंना ९ हा आकडा दिला. पेटी वाजवणाऱ्यांचे नाव गळणे हा आपल्याकडचा जणू शिरस्ताच आहे.

नावे देवनागरीतच मागितली, कारण रोमन लिपीत आलेल्या यादीत काळे आणि काले एकसारखेच दिसतात. ‘सौ.’ लावावे की नाही, आडनाव माहेरचे द्यावे की सासरचे, हे ज्या त्या कलाकाराला विचारूनच कळवावे, असेही लिहिले. ही ओळ वाचून बाई कपाळाला हात लावतील, असे वाटले होते. तरी ती खोडली नाही.

संध्याकाळी उत्तर आले. आठ नावे व्यवस्थित होती, पण ५ या आकड्यापुढे जागा रिकामी होती. यादीतल्या एक बाई ऐन वेळी आजारी पडल्या, तेव्हा प्रेक्षकांतल्या कोणीतरी त्यांच्या जागी उभ्या राहिल्या. त्या कोणाच्या तरी नणंद असाव्यात, एवढेच संयोजिकाबाईंना आठवते. कोणाच्या, याची चौकशी चालू आहे. मुद्रक वैतागला आहे, पण त्याला इलाज नाही.