चार पावत्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला

2024 च्या डिसेंबरमध्ये आम्ही एका जुन्या सोसायटीतली दुसऱ्या मजल्यावरची सदनिका घेण्याचे ठरवले. विक्रेते वयस्कर गृहस्थ होते, परगावी मुलाकडे राहत होते आणि सदनिका गेली काही वर्षे भाड्याने दिलेली होती. घरपट्टीचा विषय निघताच त्यांनी मला मोबाइलवर चार पावत्यांची छायाचित्रे पाठवली. 2021 ते 2024 अशी सलग चार वर्षे, दरवर्षी जूनमध्ये, प्रत्येकी 14,400 रुपये. "एक वर्ष चुकवलेले नाही," असे त्यांनी फोनवर अभिमानाने सांगितले आणि त्यांच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते.

तरीही महापालिकेचा थकबाकी नसल्याचा दाखला हवाच, असा आग्रह मी धरला, तो मुख्यतः बँकेने गृहकर्जाच्या कागदांत तो मागितला होता म्हणून. दाखल्यासाठी अर्ज मालकाच्या नावाने करावा लागतो. त्यामुळे काकांनी मला सही करून अधिकारपत्र दिले. त्यासोबत त्यांच्या आधार कार्डाची प्रत, शेवटचे देयक आणि शेवटची पावती जोडून मी आमच्या प्रभागाच्या क्षेत्रीय कार्यालयातील करसंकलन विभागात गेलो. जानेवारीचा पहिला आठवडा होता आणि खिडकीपुढे फारशी रांग नव्हती.

लिपिक बाईंनी मालमत्ता क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिले आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला. "हा दाखला मिळणार नाही. खात्यावर सव्वीस हजार सातशे चौदा रुपये आहेत." मी चारही पावत्या पुढे केल्या. त्यांनी त्यांतली 2022 ची मूळ पावती उचलली आणि रकमेच्या खालच्या छोट्या तक्त्यावर बोट ठेवले. तिथे शास्ती, थकबाकी आणि चालू मागणी असे तीन रकाने होते. शास्तीसमोर 2,592, थकबाकीसमोर 11,808 आणि चालू मागणीसमोर शून्य. मला मोबाइलवर आलेल्या छायाचित्रात नेमका हाच भाग कापला गेला होता. वर ठळक छापलेले 14,400 तेवढे दिसत होते.

घोळ 2021 च्या पावतीपासून सुरू झाला होता. ती रक्कम धनादेशाने भरलेली होती आणि तळाशी बारीक अक्षरांत "धनादेश वटल्यास पावती ग्राह्य" असे छापलेले होते. सही जुळली नाही म्हणून धनादेश परत आला, पण पावती मात्र फाइलमध्ये तशीच राहिली. पुढची तीन वर्षे काकांचा पुतण्या खिडकीवर रोख रक्कम भरत गेला, तीही मागच्या वर्षीएवढीच. देयकावर थकबाकी छापून येत होती, पण देयके सदनिकेच्या पत्त्यावर जात होती आणि भाडेकरूने ती टीव्हीखालच्या खणात नीट रचून ठेवली होती.

आमच्या महापालिकेत भरलेली रक्कम आधी शास्तीत, मग जुन्या थकबाकीत आणि उरली तरच चालू वर्षात जमा होते. घरपट्टीच्या दोन सहामाही असतात. इथे प्रत्येकी 7,200 रुपये. मुदत टळली की दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे सहामाहीमागे महिन्याला 144 रुपये. जून 2022 पर्यंत पहिल्या सहामाहीवर बारा महिन्यांची 1,728 आणि दुसरीवर सहा महिन्यांची 864 अशी मिळून 2,592 रुपये शास्ती झाली होती. पुतण्याने भरलेल्या 14,400 मधून आधी ती वजा झाली. मग 2021-22 ची मागणीही पूर्ण फिटली नाही आणि 2022-23 ची तर अख्खी बाकी राहिली. पुढच्या दोन वर्षांत हेच चक्र फिरले आणि दर खेपेस मागची बाकी थोडी अधिक वाढली. पावत्या चारही खऱ्या होत्या, पण त्यांतली एकही ज्या वर्षाची म्हणून दाखवली जात होती त्या वर्षाची नव्हती.

हे पैसे मालकाचे, माझा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 141 प्रमाणे मालमत्ता कराचा बोजा त्या मालमत्तेवरच असतो. मालक बदलला म्हणून तो उतरत नाही. वसुलीची नोटीस त्या दारावरच चिकटते. शिवाय नावात बदल करून घेण्याच्या अर्जालाही थकबाकी शून्य असावी लागते, म्हणजे ती रक्कम शेवटी मलाच भरावी लागली असती.

काकांना फोनवर हे समजावून सांगणे कचेरीतल्या कामापेक्षा अवघड गेले. त्यांना वाटले, मी किंमत पाडायला निमित्त शोधतो आहे. अखेर मी खात्याचा संपूर्ण उतारा, म्हणजे मागणी आणि वसुलीच्या सर्व नोंदी, छापून घेतला आणि त्यांच्या मुलाला पाठवला. त्याने तो वाचला आणि संध्याकाळी स्वतःच फोन केला. रक्कम मी बयाण्यातून थेट मालमत्ता क्रमांकावर ऑनलाइन भरायची आणि ती किमतीतून वजा झाल्याचे खरेदीखतात लिहायचे, असे ठरले. पैसे त्यांच्या हाती देऊन नंतर पावती मागण्याचा मार्ग मी मुद्दाम टाळला. धनादेशही नको, असे दोन्ही बाजूंचे एकमत झाले.

रक्कम खात्यावर चढल्यावर अर्ज पुन्हा दिला. पोचपावतीवर दिलेल्या दिवशी दाखला हातात पडला, पण मी तो खिडकीपाशीच उभा राहून वाचला. त्यावर सदनिका क्रमांक नुसता 204 होता. सोसायटीत दोन इमारती आहेत आणि आमच्या करारनाम्यात बी-204 आहे. ए इमारतीतही 204 आहेच. मालमत्ता क्रमांक बरोबर असल्याने लिपिक बाईंना ही दुरुस्ती अनावश्यक वाटत होती, परंतु बँकेचा वकील हेच बोट दाखवून कागद परत करील, असे मी म्हटल्यावर त्यांनी इमारतीचे अक्षर घालून नवी प्रत दिली. दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हेही पाहिले: 31 मार्च 2025. खरेदीखत एप्रिलमध्ये गेले असते तर नव्या वर्षाची मागणी त्यात आली नसती आणि दाखला पुन्हा काढावा लागला असता.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने यावर आणखी एक प्रश्न विचारायला लावला. तिथे मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्क्यांची सवलत असते आणि भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. त्यामुळे पुण्यात भाडेकरू असलेली सदनिका घेताना देयक सवलतीचे आहे की पूर्ण, हे आधी पाहावे, कारण सवलत चुकीने चालू असेल तर फरकाची मागणी नंतर येऊ शकते. आमच्या शहरात तशी सवलत नसल्याने तो प्रश्न उद्भवला नाही.

फेब्रुवारीत खरेदीखत नोंदले. हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांच्या आत देणारा आणि घेणारा अशा दोघांनीही द्यायची असते, म्हणून सूची क्रमांक दोन हाती येताच आम्ही दोघांच्या सह्यांचा अर्ज त्याच खिडकीवर दिला. त्या वेळी बाईंनी सहज विचारले, "पाणीपट्टी पाहिलीत का?" पाणीपट्टीचे खाते वेगळे, क्रमांक वेगळा आणि खिडकीही वेगळी. घरपट्टीच्या दाखल्यात ती धरलेली नव्हती. खात्यावर 1,150 रुपये निघाले आणि काकांना आता पुन्हा फोन नको, म्हणून ते मीच भरून टाकले.