बाकावरचा सल्ला

"मॅडम, सिगारेट सुरू ठेवली तर आतड्याला बरं असतं म्हणे?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यानं विचारलं.

चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा, चौतिशीचा हा माणूस. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार. आपल्याकडे अनेकांचं होतं तसं याचंही आधी टीबी समजून औषध झालं होतं. आता तो भाग सुजून, व्रण भरताना चट्टे पडून इतका अरुंद झाला होता की जेवल्यानंतर तासाभरात पोटात पीळ पडायचा, उलटी झाली की बरं वाटायचं. सीटी स्कॅनमध्ये अरुंद भागाच्या वरचं आतडं फुगलेलं स्पष्ट दिसत होतं. औषधानं सूज उतरते, पण जुना चट्टा सैल होत नाही. म्हणून तेवढा भाग काढून दोन टोकं जोडायची शस्त्रक्रिया ठरवायला मी त्याला पुण्याला बोलावलं होतं. रोजच्या आठ-दहा सिगारेटी मात्र तशाच होत्या.

सल्ला दिला होता बाहेर शेजारी बसलेल्या कोथरूडच्या एका काकांनी. ते माझेच रुग्ण, पण त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. तीस वर्षं ओढलेली सिगारेट त्यांनी सोडली आणि वर्षाच्या आत रक्ताचे जुलाब सुरू झाले. काका खोटं बोलत नव्हते. कोलायटिस सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा ती सोडलेल्यांमध्ये जास्त आढळतो, आणि सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो डोकं वर काढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. असं का होतं, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. पण दोघांच्या फायलींवर 'आयबीडी' हीच तीन अक्षरं, म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारांचं एकत्र नाव, त्यामुळे काकांना वाटलं आजार एकच.

मी त्याला कागदावर आतडं काढून दाखवलं. कोलायटिस मोठ्या आतड्यात, तोही आतल्या अस्तरापुरता. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि भिंतीच्या आरपार जातो. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो जास्त वेळा उसळतो, स्टेरॉइड जास्त लागतात, शस्त्रक्रियेची वेळही जास्त जणांवर येते.

"मग कापूनच टाकताय ना तो भाग? नंतर ओढली तर काय बिघडलं?"

प्रश्न बिनतोड होता. पण क्रोन्स कापून संपत नाही. तो बहुतेकदा जोडाच्या किंचित वर, नव्या जागी परत येतो, आणि शस्त्रक्रियेनंतरही ओढत राहणाऱ्यांमध्ये तो परतण्याची शक्यता साधारण दुप्पट असते. दुसऱ्यांदा कापायची वेळही त्यांच्यावर जास्त येते. लहान आतडं काही अमर्याद नाही. दर वेळी थोडं कमी होत गेलं तर पुढे अन्न शोषायलाच पुरत नाही. शिवाय धुरामुळे टाक्यांच्या जागी रक्तपुरवठा कमी पडतो, जखम भरत नाही, जोड गळण्याचा धोका वाढतो. म्हणून आमच्या सर्जनची अट होती: किमान चार आठवडे आधी बंद. "दोन-तीनवर आणतो" हे मी मान्य केलं नाही, कारण क्रोन्समध्ये थोड्या सिगारेटीही नडतात. निकोटिनचा च्युइंगम लिहून दिला आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला.

काका आत आले ते थेट मुद्द्यावर. "मग डॉक्टर, मी परत सुरू करू का?"

मी नाही म्हटलं. निकोटिनच्या पट्ट्या कोलायटिसवर वापरून पाहिल्या गेल्या आहेत. उसळलेल्या आजारात काहींना थोडा आराम पडला, पण आजार शांत ठेवायला त्या उपयोगी ठरल्या नाहीत, आणि मळमळ, डोकेदुखी वेगळीच. सिगारेटनं त्यांचं हृदय आणि फुप्फुसं पणाला लावण्यापेक्षा आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामिनचा डोस वाढवणं केव्हाही शहाणपणाचं. काका त्याही गोळ्या निम्म्याच घेत होते, हे नंतर काकूंकडून कळलं. कोलायटिस असून सिगारेट सोडणाऱ्यानं एवढंच करावं: डॉक्टरांना आधी सांगावं, सोडल्यानंतर रक्त किंवा जुलाब वाढले तर थांबून न राहता लगेच यावं. मुळात क्रोन्स की कोलायटिस, हे आपल्या फाइलवर काय लिहिलंय ते प्रत्येकानं वाचून ठेवावं.

चाकणच्या रुग्णाची शस्त्रक्रिया नीट झाली. सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी केली, कारण आजार परततो तेव्हा आधी व्रण दिसतात, त्रास कितीतरी नंतर सुरू होतो. जोडाच्या वर बरेच छोटे व्रण होते. पोटात काही दुखत नव्हतं, वजनही वाढलेलं.

"रात्रपाळीला एखादी होते," तो म्हणाला, आणि बायकोकडे बघायचं त्यानं टाळलं.

त्याच आठवड्यात आम्ही क्रोन्स आटोक्यात ठेवणारं इंजेक्शन सुरू केलं. च्युइंगमची चिठ्ठीही पुन्हा लिहिली.