गुहागरचे दोन रस्ते आणि दोन स्क्रीनशॉट

गुहागरला निघण्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी रात्री, भाऊजींनी घरच्या ग्रुपवर नकाशाचे दोन स्क्रीनशॉट टाकले. एक रस्ता पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, माणगाव, महाड आणि खेड करीत चिपळूणला जाणारा, तर दुसरा सातारा रस्त्याने उंब्रजपर्यंत जाऊन पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारा. पहिल्यावर ५ तास ४० मिनिटे आणि दुसऱ्यावर ६ तास ५ मिनिटे असे लिहिले होते. ‘वहिनी, ताम्हिणीने पंचवीस मिनिटं वाचतायत, आता चर्चा नको,’ असा निकालही त्यांनी सोबतच जोडला. मागच्या सीटवर घाटात हमखास उलटी होणारी मुलगी आणि पाय दुखणाऱ्या सासूबाई असताना निकाल असा मिनिटांवर लागलेला मला अजिबात आवडला नाही.

चिपळूण ते गुहागर हा टप्पा दोन्ही चित्रांत सारखाच होता, त्यामुळे तो मी सरळ बाजूला काढला. उरलेल्या भागातली पंचवीस मिनिटे कुठून आली, ते पाहू लागले तेव्हा लक्षात आले की चित्र रात्री दहाचे आहे. नकाशा त्या क्षणी निघालात तर किती वेळ लागेल ते सांगतो. रात्री दहाला भूगाव-पिरंगुटचा रस्ता निळा दिसणारच. शनिवारी सकाळी मुळशीकडे निघालेल्या गाड्यांची रांग त्यात कशी दिसावी? म्हणून निघण्याची वेळ शनिवारी सकाळी साडेसात अशी घालून मी दोन्ही रस्ते पुन्हा काढले. आता एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्ला आला, आणि ताम्हिणीच्या पल्ल्याचे वरचे टोक उंब्रजच्या वरच्या टोकाच्या पुढे गेले. सर्वांत कमी वेळ अजूनही ताम्हिणीचाच होता, पण भरवसा उंब्रजच्या रस्त्याचा अधिक वाटला. चहा, नाश्ता आणि सासूबाईंना पाय मोकळे करायला लागणारी थांबणी नकाशाच्या कोणत्याच वेळेत धरलेली नसतात, हे निराळेच.

खरा वाद वळणांवरून झाला. भाऊजींनी दोन्हींच्या सूचनांची यादी उघडून ओळी मोजल्या आणि ताम्हिणीची यादी आखूड असल्याने त्या रस्त्याला वळणेही कमी, असे जाहीर केले. परंतु त्या यादीत फक्त रस्ता बदलण्याची ठिकाणे असतात. उड्डाणपुलावर जाण्यासाठी उजवी बाजू धरा, सेवा रस्त्याने बाहेर पडा, अशा ओळींमुळे महामार्गाची यादी लांबते, जरी गाडी जवळपास सरळच चाललेली असली तरी. याउलट घाट हा सबंध एकच रस्ता असल्याने त्यातल्या साऱ्या नागमोडी वळणांना मिळून एकही ओळ मिळत नाही. मुलीच्या पोटाला मात्र नेमकी तीच वळणे कळतात.

ती पाहायची तर दोन्ही चित्रांचे प्रमाण सारखे हवे. अख्खे पुणे-गुहागर एका पडद्यावर मावले की कुंभार्ली काय आणि ताम्हिणी काय, दोन्ही सरळ रेघाच दिसतात. कोपऱ्यातली अंतराची पट्टी दोन्हीकडे एकाच मापावर येईल इतके नकाशे मोठे करून, उंचसखलपणा दाखवणारा थर लावून मी घाट शेजारी शेजारी ठेवले. कुंभार्लीची वळणे ताम्हिणीपेक्षा सौम्य आहेत, असे मुळीच नाही. फरक होता तो जागेचा. ताम्हिणी नाश्ता पोटात ताजा असतानाच सुरू होतो, तर कुंभार्लीआधी पाटणला थांबून, मुलीला पुढच्या सीटवर बसवून मग घाट उतरता येतो. सातारा रस्त्यावर खंबाटकी लागतो खरा, पण तो रुंद महामार्गाचा भाग आहे.

रस्त्याचा प्रकार ओळखायला रेघेच्या जाडीवर मी विसंबले नाही. उपग्रहाच्या चित्रात दुभाजक दिसतो की नाही, एवढे जागोजागी पाहिले. उंब्रजपर्यंत तो सलग दिसला आणि तिथून पुढे दुपदरी रस्ता लागला. मुळशीच्या बाजूला मात्र बराच आधीपासून समोरून येणाऱ्या गाड्यांना वाट देत जायचे होते. चित्र कधी टिपलेले असेल याचा नेम नसल्याने खड्ड्यांबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. त्यासाठी दिवाळीत त्या बाजूने जाऊन आलेल्या शेजाऱ्यांना विचारले.

अखेर आम्ही उंब्रजने गेलो आणि भाऊजी हट्टाने ताम्हिणीने. ते आमच्याआधी वीस मिनिटे पोहोचले आणि संध्याकाळी समुद्रावर प्रत्येकाला ते सांगत होते. आमची मुलगी पाटणपर्यंत झोपली होती आणि कुंभार्ली तिने कुरकुर न करता पार केला, हे मीही तितक्याच मोठ्याने सांगितले. टोलचा खर्च आम्हालाच जास्त आला, याची आठवण भाऊजींनी रात्री जेवताना करून दिली.