आमच्या बोक्याचं बकाबका खाणं: आप्पेपात्रापर्यंतची प्रगती

मागच्या वेळी लिहिलं होतं तो आमचा टिप्या, देशी बोका, साडेचार किलो, खायला दिलं की मिनिटभरात वाटी साफ आणि थोड्या वेळाने ते सगळं पायपुसण्यावर. त्याचंच अपडेट.

आधी एक महत्त्वाचं, कारण बरेच जण दोन्ही गोष्टींना उलटीच म्हणतात. टिप्याचं बाहेर पडतं ते लांबट, नळीसारखं, ड्राय फूडचे दाणे अख्खेच्या अख्खे, नुसते भिजून फुगलेले. पोट आत-बाहेर ओढणं नाही, आवाज काढणं नाही, मान खाली घातली की आलं बाहेर, आणि लगेच स्वारी तेच परत खायला तयार. म्हणजे अन्न पोटात जेमतेम पोचून, कधीकधी त्याच्या आधी अन्ननलिकेतूनच, माघारी आलेलं असतं. खरी उलटी वेगळी, त्यात पोटाला उबळी येतात, मांजर आधी लाळ गाळतं, ओठ चाटतं, अन्न अर्धवट पचलेलं किंवा पिवळं पाणी असतं. व्हेटला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला तर त्यांना पण पटकन कळतं, आपण तोंडी सांगून काही खरं नाही.

व्हिडिओचा दुसरा फायदा म्हणजे आवाज ऐका. आमची दुसरी मांजर चिंगी खाताना कुडुमकुडुम येतं, टिप्याचं काहीच नाही, चावतच नाही, नुसतं गिळतो. कोरडे दाणे पाण्यात टाकून ठेवा, थोड्या वेळाने केवढे फुगतात बघा, तेच पोटात होतं, वर घाईत गिळलेली हवा, आणि दोन जेवणांत बारा तासांचं अंतर म्हणून भुकेने आधीच वेडापिसा झालेला.

बाजारातला उंच दांड्यांचा प्लास्टिकचा स्लो फीडर आमच्याकडे चालला नाही. टिप्याने पंजा अडकवून उलटाच केला आणि जमिनीवर पडलेला ढीग नेहमीच्याच स्पीडने खाल्ला. हलकी वस्तू असली की हे होणारच. ट्रीट बॉलमधून पडणारे दाणे चिंगी मागून येऊन पळवायची, म्हणजे हा अजूनच घाईत. मोठ्या परातीत एकेरी थर पसरून दिलं तर फरक पडला, पण कडेला जमलेले दाणे तो जिभेने गोळा करून एकदम घ्यायचा.

मग आईचं जुनं बिडाचं आप्पेपात्र काढलं. जड आहे, सरकत नाही, उलटत नाही, आणि खळगे उथळ म्हणून मिशा कडेला घासत नाहीत. प्रत्येक खळग्यात पाच-सहाच दाणे टाकायचे, जास्त टाकले तर उपयोग शून्य, कारण मग प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटी वाटीच. एक खळगा संपला की डोकं उचलून दुसरीकडे जावं लागतं, तेवढ्यात मधे श्वास घेतला जातो. जे एका मिनिटात संपायचं त्याला आता पाच-सहा मिनिटं लागतात. इडलीचं ताट पण चालेल पण ते हलकं, खाली ओलं फडकं ठेवा. वेट फूड असेल तर चमच्याच्या मागच्या बाजूने ताटलीवर पातळ सारवून द्या, उकडलेलं चिकन बारीक चिरून, लांब तुकडे तो शेवयांसारखे ओढून गिळतो.

पण खरं सांगू का, नुसत्या भांड्याने अर्धंच काम झालं. दिवसाचे 60 ग्रॅम आधी दोन वेळात द्यायचो ते आता 15-15 चे चार भाग केले (एकूण तेवढंच ठेवायचं हं, नाहीतर बोका गोल होतो) आणि चिंगीला दार लावून बेडरूममध्ये. ती शेजारी नसली की त्याची घाई तशीच कमी होते, कधीकधी चक्क कुडुम असा आवाज येतो! आता बाहेर पडतं ते फक्त जेवणाची वेळ चुकली तर, किंवा कोणी लाडाने वाटी भरून ठेवली तर.

हे सगळं चालतं ते बाकी ठणठणीत मांजराला. भांडं बदलून, भाग कमी करूनही होतच असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त असेल, मांजर मलूल असेल तर व्हेटकडेच जा. म्हातारं मांजर अचानक अधाशासारखं खायला लागलं आणि तरी वाळत चाललं तर थायरॉइडची टेस्ट करून घ्या, तिथे आप्पेपात्र काय करणार. आणि नव्या भांड्याला घाबरून मांजर दिवसभर जेवलंच नाही तर हट्ट करू नका, जुनी वाटी परत द्या, मांजराला उपाशी ठेवणं लिव्हरला महागात पडतं, जाड मांजराला तर जास्तच.

दाण्यांचं तेल खळग्यांत बसतं म्हणून रोज घासावं लागतं, आणि बीड पुसून कोरडं नाही केलं तर गंजतं. सध्या अडलंय ते पहाटेच्या जेवणावर, रात्री दहा ते सकाळी सात गॅप मोठा पडतो. टायमरवाला फीडर घ्यायचा विचार आहे पण त्यातून दाणे एका ठिकाणीच ढिगाने पडतात, कोणी त्याच्याखाली परात किंवा उतरती पाटी लावून पसरायची सोय केली असेल तर फोटो टाका ना.