तुम्ही विचारलंत म्हणून: निर्देशांक दहा आणि डोस दहापट

“सर, थेरप्युटिक इंडेक्स दहा आहे म्हणजे दहापट डोस झाला तरी चालते ना?”

चालत नाही. ज्या डोसाने निम्म्या जनावरांवर अपेक्षित परिणाम दिसला, त्याच्या दहापट डोस दिला की आपण नेमके अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे निम्मी जनावरे मेलेली असतात. थेरप्युटिक इंडेक्स, म्हणजे औषधाच्या सुरक्षिततेचा निर्देशांक, हा त्याच दोन डोसांचा भागाकार आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी डी.फार्म.च्या मुलामुलींना औषधशास्त्र शिकवतो. सूत्र त्यांना तोंडपाठ असते, तरीही हा प्रश्न येतोच, कारण पुस्तकातला आलेख वहीत उतरवून घेतला जातो, पण स्वतः बिंदू मांडून तो कोणी काढलेला नसतो. म्हणून मी उत्तर आलेखाच्या कागदावरच देतो.

कागद साधा नको, सेमीलॉग हवा. त्याच्या आडव्या अक्षावर डोस मांडायचा. या अक्षावर ५ ते १० आणि १० ते २० ही अंतरे सारखीच असतात, कारण दोन्ही वेळा डोस दुप्पट होतो आणि शरीराचा प्रतिसाद बहुधा अशा पटींच्या हिशेबाने बदलत जातो. उभ्या अक्षावर शंभरपैकी किती उंदरांमध्ये परिणाम दिसला, तो आकडा. इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी लागते. ईडी५०, म्हणजे मध्यम परिणामकारक मात्रा, याचा इथला अर्थ प्रत्येक उंदराला अर्धी गुंगी आली असा नाही. प्रत्येक उंदराबाबत उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, झोपला किंवा नाही झोपला, आणि ज्या डोसाला शंभरपैकी पन्नास उंदीर झोपले तो डोस म्हणजे ईडी५०. एलडी५०, म्हणजे मध्यम मारक मात्रा, हीदेखील तशीच मोजतात, फक्त तिथे झोपेच्या जागी मृत्यू असतो.

आता वर्गासाठी रचलेली दोन काल्पनिक गुंगीची औषधे घेऊ, क आणि ख. दोन्हींचा ईडी५० दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम आहे आणि एलडी५० १०० मिलिग्रॅम.

थेरप्युटिक इंडेक्स = एलडी५० ÷ ईडी५० = १०० ÷ १० = १०

झोपेचा वक्रही दोन्हींचा एकसारखा आहे. फरक फक्त मृत्यूच्या वक्रात आहे. शंभर-शंभर उंदरांचे गट करून आकडे मांडले तर ते साधारण असे दिसतात:

| डोस (मिग्रॅ/किलो) | झोपलेले (क आणि ख) | क ने मेलेले | ख ने मेलेले |
|---|---|---|---|
| ५ | २ | ० | ० |
| १० | ५० | ० | १ |
| २० | ९८ | ० | ४ |
| ४० | १०० | ० | १६ |
| ८० | १०० | २६ | ४० |
| १०० | १०० | ५० | ५० |
| २०० | १०० | ९८ | ७७ |

हे बिंदू जोडले की प्रत्येक औषधाचे दोन नागमोडी वक्र मिळतात, डावीकडे झोपेचा आणि उजवीकडे मृत्यूचा. क चा मृत्यूचा वक्र बराच वेळ तळाला चिकटून राहतो आणि मग एकदम उभा चढतो. ख चा वक्र आडवा पसरलेला आहे. तो फार आधीपासून हळूहळू वर सरकू लागतो आणि त्याची शेपटी झोपेच्या वक्राच्या खाली शिरते. शंभरच्या डोसाला मात्र दोन्ही वक्र एकाच बिंदूतून जातात, आणि निर्देशांकाला तेवढा एकच बिंदू दिसतो. दोन गावांच्या चावड्यांमधले अंतर मोजले म्हणून त्यांच्या शिवा एकमेकींना भिडतात की नाही ते कळत नाही, तसेच हे आहे.

शीव पाहायची असेल तर वक्रांची टोके पाहावी लागतात. शंभरपैकी नव्व्याण्णवांना गुण यावा यासाठी किती डोस लागतो, तो ईडी९९. आणि शंभरपैकी एकाच्या जिवावर कोणता डोस बेततो, तो एलडी१. आपल्या दोन्ही औषधांचा ईडी९९ सुमारे २२ आहे. क चा एलडी१ सुमारे ४५ येतो, ख चा मात्र सुमारे १२.

सुरक्षिततेची मर्यादा = एलडी१ ÷ ईडी९९

क साठी हे उत्तर जवळपास २ येते, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला गुण देणारा डोस दुप्पट झाल्यावर कुठे पहिला मृत्यू दिसू लागतो. ख साठी उत्तर अर्ध्याच्या आसपास येते. उत्तर एकपेक्षा कमी आले की त्याचा अर्थ असा, की सर्वांना गुण येण्याआधीच काही जण दगावू लागतात. काही पुस्तके हीच गोष्ट टक्केवारीत मांडतात: एलडी१ मधून ईडी९९ वजा करायचा, उत्तराला ईडी९९ ने भागायचे आणि शंभराने गुणायचे. तसे केल्यास क ला अधिक शंभराच्या जवळपास आणि ख ला उणे पंचेचाळीसच्या जवळपास उत्तर मिळते. परीक्षेत उणे चिन्ह आले की मुले घाबरून गणित खोडतात. खोडू नये, उणे चिन्ह म्हणजे दोन वक्र एकमेकांवर चढलेले आहेत, आणि याच एका माहितीसाठी हे गणित करायचे असते.

मग टोके इतकी बोलकी असताना सगळीकडे मध्यच का छापतात, असे एखादी हुशार मुलगी विचारतेच. जे. डब्ल्यू. ट्रेवन यांनी १९२७ मध्ये एलडी५० ही कल्पना मांडली, त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. प्रत्येक जनावराची सहनशक्ती वेगळी असल्याने ‘कमीत कमी मारक डोस’ हा आकडा दर प्रयोगाला बदलत असे. वक्राचा मध्य सर्वांत उभा असतो; तिथे डोस जरासा बदलला तरी मृतांची संख्या ठळक बदलते, म्हणून थोड्या जनावरांतही तो बिंदू बऱ्यापैकी नेमका सापडतो. टोकाला वक्र सपाट होतो. शंभरात एक मृत्यू खात्रीने पकडायचा तर शेकडो उंदीर लागतील, म्हणून एलडी१ बहुधा प्रत्यक्ष मोजलेला नसतोच. मधल्या बिंदूंवरून रेषा ताणून तो काढलेला असतो, आणि रेषा जितकी लांब ताणावी तितकी चूक वाढते. थोडक्यात, जो आकडा भरवशाने काढता येतो तो सुरक्षिततेविषयी कमी सांगतो, आणि जो जास्त सांगतो तो डळमळीत असतो. एलडी५० साठी पुष्कळ जनावरे मारण्याची जुनी पद्धतही आता मागे पडली आहे. ओईसीडी या देशांच्या संघटनेने आपल्या चाचण्यांच्या यादीतून ती २००२ मध्ये काढली आणि तिच्या जागी कमी जनावरांत होणाऱ्या पद्धती ठेवल्या.

माणसाकडे वळलो की मृत्यूचा वक्र काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे अपायाचा वक्र घेतात आणि रोजच्या तपासणीत ‘रक्तातील योग्य पातळी’ पाहतात. दम्यासाठी पूर्वी सर्रास दिले जाणारे थिओफिलिन हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याची परंपरेने मानलेली पातळी दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम. वीसच्या वर मळमळ, उलट्या, छातीत धडधड सुरू होते आणि पातळी फार वाढली तर झटके येतात. म्हणजे गुण आणि अपाय यांत जेमतेम दुपटीचे अंतर आहे. अशा रुग्णाला हगवणीसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन दिले, तर यकृतातील थिओफिलिन मोडण्याचे काम मंदावते आणि गोळी तीच असूनही रक्तातील पातळी चढते. डोस बदललेला नाही, तरी माणूस वक्रावर उजवीकडे सरकला. आधी उलट्या होतील, मग सावध होऊ, असे इथे धरून चालता येत नाही, कारण कधी कधी झटका हेच पहिले लक्षण असते. त्यामुळे औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्याने निर्देशांक आठवण्यापेक्षा “दम्याची कोणती गोळी चालू आहे?” हे विचारणे जास्त उपयोगाचे ठरते.

आमच्याकडे मात्र एलडी५० शी लोकांची गाठ पडते ती कृषी केंद्रात. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण याच आकड्यावरून ठरतो. तोंडावाटे दिलेल्या विषाचा एलडी५० दर किलोला १ ते ५० मिलिग्रॅम असला तर लाल, ५१ ते ५०० असला तर पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्याहून जास्त असला तर हिरवा. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी कपाशी आहे, आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने झालेले मृत्यू त्यांच्या घरांत आजही बोलले जातात. निळा त्रिकोण पाहून “हे सौम्य आहे” असे म्हणणे आणि निर्देशांक दहा पाहून दहापट डोस चालतो असे म्हणणे यांत मूळ चूक एकच आहे: मधल्या बिंदूवरून पूर्ण वक्राचा अंदाज बांधणे.

त्रिकोणाला वक्राचा उतार ठाऊक नसतो. शिवाय त्याच्यामागचा आकडा एकदाच दिलेल्या डोसाचा असतो. फवारणारा माणूस मात्र डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, घामाने भिजलेल्या अंगाने दिवसामागून दिवस उतरतो, आणि विष कातडीतून व श्वासातून थोडेथोडे आत जात राहते. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात आणि ते भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात. काल निम्मे विकर गमावलेला माणूस आज पुन्हा पंप पाठीवर घेतो, तेव्हा त्याचा स्वतःचा वक्र डावीकडे सरकलेला असतो. पहिल्या दिवशी ज्या मात्रेने काही झाले नाही, तीच मात्रा आता बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या करते, तोंडाला लाळ आणि अंगाला दरदरून घाम आणते. हे आधी ओळखायचे तर रक्तातील कोलिनेस्टरेज तपासता येते, पण ते आजारी पडल्यावर एकदाच तपासून भागत नाही. निरोगी माणसांतही त्याचे प्रमाण इतके कमीजास्त असते, की एखाद्याचे स्वतःचे विकर निम्म्यावर आलेले असूनही अहवालावर ‘सामान्य’ असे छापून येऊ शकते. म्हणून पहिली तपासणी हंगामाआधी, पंप पाठीवर चढण्यापूर्वी व्हावी लागते, आणि पुढचा प्रत्येक अहवाल छापील मर्यादेशी नव्हे, तर त्याच माणसाच्या त्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो.