गच्चीलाही घरपट्टी लागली तेव्हा

सीमाभागातल्या आमच्या गावच्या पालिकेत घरपट्टी आपणच स्वयंमूल्यमापनाच्या अर्जावर मोजून भरायची असते. एप्रिलमध्ये भरली की 5 टक्के सूट, म्हणून मी तेव्हाच मोकळा होतो. यंदा मात्र फेरआकारणीची नोटीस आली. कराचा फरक आणि वर त्या फरकाच्या दुप्पट दंड.

नोटीस कन्नडमध्ये होती. आमच्या सुनेनं वाचून दाखवली. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की आकारणी मान्य करा किंवा 30 दिवसांत लेखी हरकत द्या. पण आकडा कसा आला, हे त्यात कुठंच नव्हतं. म्हणून आधी हरकत न लिहिता मोजणीच्या कागदाची नक्कल मागणारा अर्ज टाकला. काउंटरवरचे म्हणाले, "काका, भरून टाका, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी हेच क्षेत्र कायम धरलं जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

नक्कल हातात आली आणि गोम कळली. आमचं घर खाली 30 बाय 20, म्हणजे 600 चौरस फूट. माडीवर निम्म्याच जागेत खोली, 300 फूट. उरलेली उघडी गच्ची. कागदावर दोन्ही मजले पूर्ण धरून 1200 फूट लावलेले. शिवाय रस्त्याकडची 120 फुटांची खोली 'व्यापारी' म्हणून. तिथं एक टेलर भाड्यानं होता, तो सोडून गेला होता.

हरकतीत 'कर फार झाला' असं एकदाही लिहिलं नाही. दोनच मुद्दे, प्रत्येकाखाली पुरावा. गच्चीसाठी मंजूर नकाशा आणि फोटो. खोलीसाठी टेलरनं परवाना रद्द केल्याचा कागद आणि हेस्कॉमचं घरगुती दराचं वीजबिल. जागेवर येऊन पुन्हा मोजा, अशी मागणीही घातली. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतला. मुदतीत हरकत दिली, याचा तोच पुरावा.

पुन्हा मोजायला आलेल्या मॅडमनी गच्चीवर उभं राहून टेप लावला आणि हसल्या.

लेखी आदेशात क्षेत्र 900 झालं. खोलीचा मुद्दा अर्धाच मान्य झाला: परवाना रद्द झाल्यापुढं घरगुती, त्याआधीच्या काळासाठी व्यापारी दर कायम. ते बरोबरच होतं, म्हणून मी अपील केलं नाही.

करायचं झालं असतं तर तो आदेशच आधार होता. त्यावर अपील कुणाकडं आणि किती दिवसांत, हे आदेशातच बघावं, नसेल तर लेखी विचारावं. बेळगावसारख्या महापालिकेत कर, अर्थ व अपील अशी स्थायी समितीच असते. थेट उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट घालायचा सल्ला देणारे भेटतात, पण आधी अपील का केलं नाही, हा प्रश्न तिथं बहुधा पहिला येतो.